तीनशेच्या पुढची वीज: दराच्या पायऱ्या कागदावर

महिना संपत आला की अनेक घरांत मीटरकडे बघून एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘तीनशेच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर सगळंच बिल वरच्या दराने येईल.’ त्यातला पहिला भाग शहाणपणाचा आहे. दुसरा महाराष्ट्रापुरता तरी चूक आहे. विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो एवढं सर्वांना ठाऊक असतं, पण टप्पा ओलांडल्यावर नक्की कशाची किंमत वाढते, हे बिलाच्या मागच्या बाजूला छापलेला तक्ता सांगत नाही. तो फक्त आकडे देतो. तेच आकडे आलेख कागदावर नीट काढले, तर हा गोंधळ पाच मिनिटांत मिटतो.

उदाहरणासाठी महावितरणचे घरगुती दर घेऊ. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मार्च २०२३मध्ये दिलेल्या आदेशात २०२४-२५ या वर्षासाठी वीज आकाराचे चार टप्पे होते. महिन्याला १ ते १०० युनिटपर्यंत युनिटमागे ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३००पर्यंत १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५००पर्यंत १४ रुपये ५५ पैसे आणि ५००च्या पुढे १६ रुपये ६४ पैसे. दर बदलत राहतात, त्यामुळे असा कोणताही आलेख काढला की त्याच्या कोपऱ्यात वर्ष लिहून ठेवावं. वर्ष नसलेला दरांचा आलेख पुढच्या एप्रिलनंतर कुणाला तरी फसवतोच.

आता मिलिमीटरच्या चौकटींचा आलेख कागद घ्या. आडव्या अक्षावर महिन्यात वापरलेली युनिटं आणि उभ्या अक्षावर युनिटमागचा दर. प्रमाण मात्र विचारपूर्वक निवडायचं. आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे ५० युनिटं आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे २ रुपये असं ठरवा. ६०० युनिटांपर्यंतचा आलेख १२ सेंटिमीटर रुंद आणि १८ रुपयांपर्यंतचा ९ सेंटिमीटर उंच होतो, म्हणजे वहीच्या पानात आरामात बसतो. हे प्रमाण निवडण्याचं खरं कारण पुढे कळेल.

पहिली आडवी रेघ शून्यापासून १०० युनिटांपर्यंत, ४.७१च्या उंचीवर. कागदावर ती २ सेंटिमीटर लांब आणि तळापासून साधारण २ सेंटिमीटर साडेतीन मिलिमीटर वर येते. तिथून सरळ उभं चढायचं, १०.२९पर्यंत, म्हणजे ५ सेंटिमीटर आणि मिलिमीटरभर. मग ३०० युनिटांपर्यंत पुन्हा आडवी रेघ, ही ४ सेंटिमीटर लांब. पुन्हा चढ १४.५५पर्यंत, ५०० युनिटांपर्यंत आडवं, शेवटी १६.६४वर चढून कागद संपेपर्यंत आडवं. शेवटची रेघ कागद संपला म्हणून थांबते, टप्पा संपला म्हणून नव्हे. म्हणून तिच्या टोकाला छोटासा बाण काढावा.

चित्र तयार झालं की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती पहिल्या पायरीची उडी. १००व्या युनिटानंतर दर दुपटीहून जास्त होतो. नंतरच्या दोन उड्या त्या मानाने लहान आहेत. आपण धसका मात्र तीनशेचा घेतो, कारण तीनशेच्या आसपास वापर असलेल्या घरात शंभर युनिटं महिन्याच्या मध्याआधीच संपून जातात आणि ती ओलांडल्याचं कुणाला कळतही नाही.

आता ३२० युनिटं वापरणारं घर घ्या. आडव्या अक्षावर ३२०वर खूण करा, तिथून पायरीपर्यंत उभी रेघ ओढा आणि तिच्या डावीकडचा, पायऱ्यांखालचा सगळा भाग पेन्सिलीने भरून काढा. भरलेला भाग तीन आयतांचा बनलेला दिसेल. पहिला १०० युनिटं रुंद आणि ४.७१ उंच, म्हणजे ४७१ रुपये. दुसरा २०० युनिटं रुंद, १०.२९ उंच, म्हणजे २,०५८ रुपये. तिसरा फक्त २० युनिटांचा उभट पट्टा, १४.५५ उंच, म्हणजे २९१ रुपये. बेरीज २,८२० रुपये. हाच त्या घराचा वीज आकार.

प्रमाण जपून निवडल्याचा फायदा इथे मिळतो. ५० युनिटं गुणिले २ रुपये म्हणजे १०० रुपये, त्यामुळे कागदावरचा एक चौरस सेंटिमीटर १०० रुपयांचा झाला. मिलिमीटरची एकेक बारीक चौकट बरोबर एका रुपयाची. भरलेल्या भागातले मोठे चौरस मोजा, उरलेल्या चौकटी मोजा, बिल हातात येतं. सहावी-सातवीतल्या मुलाला गुणाकार न करता बिल काढून दाखवता येईल, आणि उत्तर फार तर दहा-वीस रुपयांनी चुकेल, तेही पेन्सिलीच्या जाडीमुळे.

‘सगळंच बिल वरच्या दराने’ ही समजूत याच कागदावर तपासता येते. ती खरी असती तर ३२० युनिटांसाठी १४.५५च्या उंचीचा एकच मोठा आयत शून्यापासून सुरू झाला असता आणि आकार ४,६५६ रुपये झाला असता. म्हणजे खऱ्यापेक्षा १,८३६ रुपये जास्त. तो जादा भाग पायऱ्यांच्या वर, डावीकडे रिकामा पडलेला दिसतो. ३०१वं युनिट जाळलं म्हणून आधीची ३०० युनिटं महाग होत नाहीत. ते एकटं युनिट १४ रुपये ५५ पैशांना पडतं, बाकीच्यांच्या पायऱ्या जागच्या जागी राहतात. २८ तारखेला २९८ युनिटं झाली म्हणून घामाघूम होत पंखा बंद करणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

आता थोडं बारकाव्यात जाऊ, कारण पायरीच्या कडेवरच बहुतेक चुका होतात. तक्त्यात ‘१ ते १००’ आणि ‘१०१ ते ३००’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून काही जण पहिली रेघ १००वर थांबवतात, दुसरी १०१वर सुरू करतात आणि मधल्या एका युनिटाच्या फटीत तिरकी रेघ ओढतात. तिरकी रेघ म्हणजे दर हळूहळू चढतो असा दावा. तसं काही घडत नाही. शंभरावं युनिट आलेखावर ९९ आणि १०० या खुणांच्या मधली जागा व्यापतं, आणि एकशे एकावं १०० आणि १०१च्या मधली. म्हणजे फट मुळात नाहीच. चढ बरोबर १००च्या रेघेवर, सरळ उभा. ती उभी रेघ तुटक काढली तर आणखी चांगलं, कारण ४.७१ आणि १०.२९च्या मधला कुठलाही दर कुणालाच लागत नाही. गणिताच्या शिस्तीने काढायचं असेल तर खालच्या रेघेच्या उजव्या टोकाला भरीव ठिपका आणि वरच्या रेघेच्या डाव्या टोकाला पोकळ वर्तुळ. शंभरावं युनिट स्वस्तात मोडतं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी चूक वर्तमानपत्रांत जास्त दिसते. चार टप्पे, चार स्तंभ, सगळे एकाच रुंदीचे. दिसायला सुबक, पण त्यात शंभर युनिटांचा पहिला टप्पा आणि दोनशे युनिटांचा दुसरा टप्पा सारखेच रुंद होतात. मग क्षेत्रफळ मोजून बिल काढणं अशक्य, आणि आपण कुठल्या युनिटावर उभे आहोत हेही त्यावर दाखवता येत नाही. एक्सेलमध्ये साधा रेषालेख निवडला तरी हाच घोळ होतो, कारण तो आडव्या अक्षावरच्या मजकुराला समान अंतरावर बसवतो. तिथे विखुरलेल्या बिंदूंचा आलेख निवडून, सरळ रेघांनी जोडायला सांगून, प्रत्येक कडेला दोन बिंदू द्यावे लागतात. (०, ४.७१), (१००, ४.७१), मग पुन्हा (१००, १०.२९), (३००, १०.२९) याप्रमाणे. एकाच युनिटावर दोन दर लिहिणं विचित्र वाटतं, पण त्या जोडीमुळेच रेघ उभी चढते.

पायथॉन वापरणाऱ्यांसाठी मॅटप्लॉटलिबमध्ये सरळ सोय आहे:

```python
import matplotlib.pyplot as plt

edges = [0, 100, 300, 500, 600]
rates = [4.71, 10.29, 14.55, 16.64]
plt.stairs(rates, edges, fill=True)
plt.show()
```

इथे कडा पाच आणि दर चार आहेत. दरांपेक्षा कडा नेहमी एकाने जास्त, कारण चार पायऱ्यांना पाच काठ लागतात. संख्या जुळली नाही तर प्रोग्रॅम तक्रार करून थांबतो, आणि ते बरंच आहे. जुना `plt.step` मात्र गप्प राहून चुकतो. त्याला टप्प्यांच्या सुरुवातीची युनिटं ०, १००, ३००, ५०० आणि चार दर दिले, तर तो प्रत्येक दर बिंदूच्या डावीकडे पसरवतो. परिणामी १००पर्यंतच्या युनिटांना १०.२९चा दर लागतो, सगळा जिना एक टप्पा डावीकडे सरकतो आणि स्वस्त पायरी आलेखातून गायबच होते. उपाय म्हणजे `where='post'` लिहायचं आणि शेवटी ६०० हा एक जादा बिंदू शेवटच्याच दराने द्यायचा. चूक झाली की नाही हे ओळखायला ५० युनिटांवर बोट ठेवावं. तिथे ४.७१ दिसलं नाही, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

मूळ कागदाकडे परत येऊ. बचतीचा प्रश्न आला की पायऱ्यांचा आलेख खऱ्या अर्थाने कामी येतो. ३२० युनिटांच्या त्या घराने जुना फ्रीज बदलून महिन्याला ३० युनिटं वाचवली असं समजा. किती पैसे वाचतील? बहुतेक जण बिलाला युनिटांनी भागतात. २,८२० भागिले ३२०, म्हणजे युनिटमागे ८ रुपये ८१ पैसे, गुणिले ३०, म्हणजे साधारण २६४ रुपये. हे उत्तर चूक आहे. वाचलेली युनिटं सरासरी दराची नसतात, ती जिन्याच्या उजव्या टोकाची, सर्वांत महाग युनिटं असतात. आलेखावर ३२०पासून डावीकडे ३० युनिटांचा पट्टा खोडा. त्यातली पहिली २० युनिटं १४.५५च्या पायरीवरची, म्हणजे २९१ रुपये. उरलेली १० युनिटं खालच्या पायरीवरची, म्हणजे १०२ रुपये ९० पैसे. एकूण ३९३ रुपये ९० पैसे.

प्रत्यक्ष बिलात ही रक्कम आणखी वाढते. त्या वर्षी युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार होता आणि तो सगळ्या टप्प्यांना सारखा होता. त्याने जिन्याचा आकार बदलत नाही, अख्खा जिना १.१७ने वर उचलला जातो. त्यावर घरगुती ग्राहकांना १६ टक्के वीज शुल्क. त्याने मात्र पायऱ्यांमधली अंतरंही त्याच प्रमाणात ताणली जातात. दोन्ही धरून चार पायऱ्यांची उंची ६.८२, १३.२९, १८.२४ आणि २०.६६ होते, आणि त्या ३० युनिटांची बचत जवळपास ४९८ रुपये. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तो इथे धरलेला नाही. स्थिर आकाराला तर या आलेखात जागाच नाही. तो ‘युनिटमागे रुपये’ या मापाचा नाही, एकही युनिट न वापरता तो लागतो. त्याला पायरीत कोंबायचा प्रयत्न करू नये.

सरासरी दर हवाच असेल तर तो त्याच कागदावर वेगळ्या रंगाने काढता येतो. १०० युनिटांपर्यंत तो पायरीवरच चालतो, ४.७१वर. तिथून पायरी उडी मारते, सरासरी मात्र सावकाश चढू लागते. १०१ युनिटांना ४ रुपये ७७ पैसे, २००ला बरोबर साडेसात, ३००ला ८ रुपये ४३ पैसे, ५००ला १० रुपये ८८ पैसे. १००, ३०० आणि ५००वर तिला कोपरा पडतो, पण ती कुठेही तुटत नाही आणि शंभरानंतर पायरीला कधीच गाठत नाही. आपण काढलेली सरासरीची रेघ एखाद्या कडेवर एकदम उसळली, तर कुठेतरी सगळी युनिटं एकाच दराने गुणली गेली असं समजावं.

मात्र काही ठिकाणी ती खरोखरच उसळते, आणि म्हणूनच ती घरगुती समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. केरळमध्ये महिन्याला २५० युनिटांपर्यंत हिशेब आपल्यासारखाच पायरीपायरीने होतो. वापर त्याच्या वर गेला की पद्धत बदलते, आणि वापर ज्या टप्प्यात पडतो त्या टप्प्याचा एकच दर पहिल्या युनिटापासून सगळ्यांना लागतो. तिथला दराचा आलेख काढला तर तोही जिन्यासारखाच दिसेल. पण २५०च्या पुढे पायऱ्यांखालचं क्षेत्रफळ म्हणजे बिल नव्हे. तिथे बिल म्हणजे त्या युनिटापर्यंतचा, शून्यापासून सुरू होणारा एकच आयत. चित्र तेच, वाचायची रीत वेगळी. त्यामुळे अशा आलेखावर उभ्या अक्षाचं नाव नुसतं ‘दर’ लिहून भागत नाही. ‘पुढच्या युनिटाचा दर’ की ‘सर्व युनिटांना लागू दर’, हे स्पष्ट लिहावं लागतं. पुण्याहून कोचीला बदली झालेल्या माणसाने जुन्या सवयीने आलेख वाचला तर पहिल्याच उन्हाळ्यात त्याचा अंदाज कोसळेल.

दिल्लीत हाच परिणाम दरामुळे नव्हे, तर अनुदानामुळे होतो. ऑगस्ट २०१९मध्ये सुरू झालेल्या योजनेत २०० युनिटांपर्यंत बिल शून्य, आणि २०१ ते ४००पर्यंत निम्मं बिल माफ, ही माफी जास्तीत जास्त ८०० रुपये. अशा वेळी दराच्या पायऱ्या काढून उपयोग नाही. वापर आडवा आणि एकूण बिल उभं असा आलेख काढायला हवा. २००पर्यंत रेघ जमिनीलगत सरपटते आणि २०१वर थेट काही शे रुपयांवर चढते. ४०१वर माफी संपते तिथे दुसरा कडा. तिथल्या ग्राहकाने महिनाअखेरीस मीटर बघून दिवे बंद केले, तर त्याचा हिशेब बरोबर आहे.

शेवटी जिन्याची रुंदी. टप्पे महिन्याचे असतात, रीडिंग मात्र दर वेळी बरोबर महिन्याने होतंच असं नाही. २०२०च्या टाळेबंदीत मार्चअखेर रीडिंग थांबलं, सरासरीवर बिलं गेली, आणि जूनमध्ये मीटर वाचले गेल्यावर कित्येक महिन्यांचा वापर एकाच बिलात आला. राज्यभर आरडाओरडा झाला. एकदम एवढी युनिटं म्हणजे सगळी वरच्या स्लॅबमध्ये ढकलली, असा लोकांचा समज झाला. वापर महिन्यांमध्ये विभागून स्लॅबचा लाभ दिला आहे, असं महावितरणने सांगितलं. त्यातच १ एप्रिलपासून दर बदलले होते, म्हणजे एकाच बिलात दोन वेगळ्या उंचीचे जिने होते.

विभागणी कशी तपासायची, ते आपल्याच आलेखावर पाहू. तीन महिन्यांची मिळून ३६० युनिटं झाली असं धरा. एका महिन्याच्या जिन्यावर ती बसवली तर ४७१ अधिक २,०५८ अधिक ६० युनिटांचे ८७३, म्हणजे ३,४०२ रुपये. पण तीन महिन्यांसाठी जिना आडवा तिप्पट ताणायला हवा. पायऱ्यांची उंची तीच, कडा मात्र ३००, ९०० आणि १,५००वर. आता पहिली ३०० युनिटं ४.७१च्या पायरीवर मावतात, १,४१३ रुपये. उरलेल्या ६० युनिटांचे ६१७ रुपये ४० पैसे. एकूण २,०३० रुपये ४० पैसे. दोन्हींतला फरक १,३७१ रुपये ६० पैसे. आपलं बिल यांपैकी कुठल्या जिन्याने काढलं आहे, हे पाहायला बिलातलं आधीच्या आणि चालू रीडिंगच्या तारखांमधलं अंतर आणि प्रत्येक टप्प्यात दाखवलेली युनिटं एवढंच पुरतं.

ताणलेल्या जिन्यात ग्राहकाचं नुकसान तर होत नाही ना, अशीही शंका येते, कारण प्रत्यक्षात कुणाचाच वापर तिन्ही महिने सारखा नसतो. समजा खरा वापर ८०, ८० आणि मेमध्ये २०० युनिटं होता. दर महिन्याचं वेगळं बिल आलं असतं तर ३७६ रुपये ८० पैसे दोनदा आणि एकदा १,५०० रुपये, म्हणजे २,२५३ रुपये ६० पैसे. समान विभागणीपेक्षा २२३ रुपये २० पैसे जास्त. कारण जिन्याच्या आकारातच आहे. मेमधली शंभर युनिटं दुसऱ्या पायरीवर गेली असती आणि त्याच वेळी आधीच्या दोन महिन्यांच्या पहिल्या पायरीवर वीस-वीस युनिटांची जागा रिकामी राहिली असती. विभागणीने वरची चाळीस युनिटं त्या रिकाम्या जागांत बसवली. पायऱ्या चढत्या असेपर्यंत समान विभागणीचं बिल नेहमी कमी किंवा तेवढंच येतं. केरळसारखी रीत असेल तर मात्र ही खात्री देता येत नाही.